छायाचित्रातल्या ब्रेल पाटीचे वाचन : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

या प्रकल्पाचा हेतू मुद्दाम लहान ठेवला आहे. ब्रेलमधल्या मजकुराचे छायाचित्र समोर आहे, मूळ पाटी किंवा कागद हाताशी नाही आणि वाचणारा डोळस आहे, अशा वेळी कोणता ठिपका खरोखर उठावाचा आहे आणि तो घरातल्या कोणत्या जागेवर आहे हे कसे ठरवायचे, एवढेच येथे लिहून काढायचे आहे. अक्षरांचे कोष्टक कोठेही मिळते. ते समोर ठेवूनही माणसे चुकीचे वाचतात, कारण चूक बहुधा कोष्टकात शोधण्याच्या आधीच, ठिपक्यांच्या जागा ठरवताना झालेली असते.

ब्रेलच्या एका घरात ठिपक्यांच्या सहा जागा असतात. दोन उभे स्तंभ आणि प्रत्येकात तीन जागा. डाव्या स्तंभाला वरून खाली १, २, ३ आणि उजव्या स्तंभाला ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. प्रत्येक जागा उठावाची असते किंवा सपाट, त्यामुळे एकूण ६४ रचना होतात. त्यांपैकी एक पूर्ण कोरी असून ती शब्दांमधल्या मोकळ्या जागेसाठी वापरली जाते. याचा अर्थ असा की वाचताना सपाट जागाही ठिपक्याइतकीच निर्णायक असते. ‘येथे ठिपका नाही’ हे विधान ‘येथे ठिपका आहे’ या विधानाइतक्याच खात्रीने करता आले पाहिजे, आणि छायाचित्रातून नेमके तेच अवघड जाते.

६ ऑगस्ट

अक्षरांची रचना आधी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदींत ती पुन्हा सांगावी लागणार नाही. रोमन वर्णमालेतील पहिली दहा अक्षरे, ए पासून जे पर्यंत, केवळ वरच्या चार जागांमध्ये म्हणजे १, २, ४ आणि ५ मध्ये लिहिली जातात. ए म्हणजे १, बी म्हणजे १-२, सी म्हणजे १-४, डी म्हणजे १-४-५, ई म्हणजे १-५, एफ म्हणजे १-२-४, जी म्हणजे १-२-४-५, एच म्हणजे १-२-५, आय म्हणजे २-४ आणि जे म्हणजे २-४-५. याच दहा आकृत्यांना ठिपका ३ जोडला की के पासून टी पर्यंतची अक्षरे मिळतात, आणि ३ व ६ हे दोन्ही जोडले की यू, व्ही, एक्स, वाय, झेड मिळतात. डब्ल्यू या क्रमात बसत नाही. त्याची रचना २-४-५-६ आहे. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली ती फ्रेंच भाषेसाठी, आणि त्या काळच्या फ्रेंच वर्णमालेत या अक्षराला स्थान नव्हते, म्हणून ते नंतर जोडले गेले.

अंकांसाठी वेगळ्या आकृत्या नाहीत. ३-४-५-६ हे अंकचिन्ह आधी येते आणि त्यापुढे ए ते आय या आकृत्या १ ते ९ म्हणून व जे ही आकृती ० म्हणून वाचली जाते. अंकचिन्हाचा प्रभाव पुढच्या प्रत्येक अंकावर चालू राहतो, त्यामुळे तीन अंकी संख्येसाठी ते एकदाच लिहावे लागते.

९ ऑगस्ट

ज्या पाटीचे छायाचित्र नमुना म्हणून घेतले आहे ती दारावरची क्रमांकाची पाटी आहे. संख्येचा नमुना मुद्दाम निवडला. शब्दात एखादा ठिपका पुसट झाला तर शेजारची अक्षरे मदतीला येतात, पण संख्येला असा शेजार नसतो. जी ची आकृती, म्हणजे अंक ७, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तिच्या चार ठिपक्यांपैकी १ दिसला नाही तर उरते ते २-४-५, म्हणजे ०. २ दिसला नाही तर १-४-५, म्हणजे ४. ४ दिसला नाही तर १-२-५, म्हणजे ८, आणि ५ दिसला नाही तर १-२-४, म्हणजे ६. चारपैकी कोणताही ठिपका हरवला तरी समोर एक धडधाकट अंकच उभा राहतो, आणि काही चुकले असल्याची शंकाही येत नाही. उलट ४ या अंकाचा, म्हणजे १-४-५ चा, ठिपका १ गेला तर ४-५ उरते, जो अंकच नाही, आणि वाचणारा आपोआप थांबतो. पण त्याच ४ चा ठिपका ४ गेला तर ५ आणि ठिपका ५ गेला तर ३ असे पुन्हा बिनबोभाट वाचले जाते.

म्हणून या प्रकल्पात एक नियम ठरवला आहे: आधी अंक ओळखायचा नाही. आधी प्रत्येक जागेविषयी ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘शंकास्पद’ अशी नोंद करायची, आणि सर्व घरांची नोंद झाल्यावरच कोष्टकाकडे वळायचे. ओळखीचा अंक आधी मनात आला की डोळा त्याला हवे असलेले ठिपके शोधू लागतो.

१२ ऑगस्ट

आज प्रकाशाचा विचार. ब्रेलचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतो आणि त्याचा रंग बहुधा मागच्या पृष्ठभागासारखाच असतो, त्यामुळे छायाचित्रात तो रंगाने दिसत नाही, उजेड-सावलीने दिसतो. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या छायाचित्रात ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, कारण उजेड सगळीकडे सारखाच पडतो. उजेड बाजूने आणि तिरपा हवा, पण किती तिरपा याला मर्यादा आहे.

सावलीची लांबी हिशेबाने काढता येते. अर्धा मिलिमीटर उंचीच्या ठिपक्यावर पृष्ठभागाशी १० अंशांचा कोन करून उजेड पडला तर त्याच्या माथ्याची सावली सुमारे २.८ मिलिमीटर दूर पोचते. एका घरातले शेजारचे दोन ठिपके केंद्रापासून केंद्रापर्यंत साधारण २.५ मिलिमीटर अंतरावर असतात. म्हणजे उजेड थेट डावीकडून येत असेल तर ठिपका १ ची सावली ठिपका ४ च्या जागेवर जाऊन पडते. तेथे ठिपका असेल तर तो झाकोळतो, आणि नसेल तर सावलीचा डागच ठिपक्यासारखा भासू शकतो. कोन २० अंशांचा केला की सावली सुमारे १.४ मिलिमीटरवर थांबते आणि शेजारची जागा मोकळी राहते. उजेड सरळ डावीकडून न आणता डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरका आणला तर आणखी सोय होते, कारण कर्णरेषेवर १ ते ५ हे अंतर सुमारे ३.५ मिलिमीटर आहे आणि सावलीला पडायला जागा मिळते. नमुन्याचे छायाचित्र अशाच उजेडात काढलेले आहे.

अशा छायाचित्रात प्रत्येक ठिपक्याचा सर्वांत उजळ भाग ठिपक्याच्या खऱ्या केंद्रावर नसतो, तो उजेडाच्या दिशेला थोडा सरकलेला असतो. हे सरकणे सर्व ठिपक्यांसाठी सारखे असल्यामुळे त्यांच्यातली परस्पर अंतरे बिघडत नाहीत. मात्र काहींचा उजळ भाग आणि काहींची सावली अशी सरमिसळ करून मोजणी केली तर बिघडतात.

१३ ऑगस्ट

उठाव की खळगा, हा प्रश्न वेगळा लिहून ठेवतो. पाटीवर तो सहसा येत नाही, पण कागदावर हमखास येतो. दोन्ही बाजूंनी छापलेल्या ब्रेल कागदावर मागच्या बाजूचे ठिपके पुढच्या बाजूला खळगे म्हणून दिसतात. ते पुढच्या ठिपक्यांच्या मधल्या जागांत पडतील अशा बेताने छापलेले असतात. बोटाला खळगा जाणवत नाही, म्हणून बोटाने वाचणाऱ्याची काहीच अडचण होत नाही. छायाचित्रात मात्र खळगाही उजळ आणि गडद अशा दोन अर्ध्या भागांनीच बनलेला असतो.

फरक बाजूचा आहे. उजेड वरून डावीकडून येत असेल तर उठावाचा वरचा डावा भाग उजळ आणि खालचा उजवा गडद असतो. खळग्यात नेमके उलट घडते. पण यासाठी उजेडाची दिशा ठाऊक हवी, आणि डोळा ती स्वतःहून ‘वरून’ अशीच धरून चालतो. उजेड खालून येत असेल, किंवा वरून उजेड असलेले छायाचित्र कोणी उलटे धरले, तर सारे ठिपके खळगे दिसू लागतात आणि खळगे ठिपके होतात. याला पक्की खूण अशी की उठावाची सावली त्याच्या कडेबाहेर पृष्ठभागावर पडते, तर खळग्याची सावली त्याच्या काठाच्या आतच राहते. छायाचित्र स्वतः काढायचे असेल तर चौकटीच्या कडेला एखादी टाचणी, डोके वर राहील अशी, ठेवावी. तिच्या सावलीवरून दिशेचा वाद मिटतो.

१७ ऑगस्ट

आज नमुन्याची मोजणी केली. संगणकावर छायाचित्र सरळ करून घेतल्यानंतर ठिपके तीन आडव्या ओळींत बसले. त्या ८०, १३० आणि १८० पिक्सेलवर आहेत. उभे स्तंभ डावीकडून १००, १५०, २२२, २७२, ३४४, ३९४, ४६६ आणि ५१६ पिक्सेलवर आहेत. स्तंभांमधली अंतरे अनुक्रमे ५०, ७२, ५०, ७२, ५०, ७२ आणि ५० अशी आली. ही लहान-मोठी आळीपाळी हाच घरे ओळखण्याचा आधार आहे. लहान अंतर एका घराच्या दोन स्तंभांमधले असते आणि मोठे अंतर एका घराच्या उजव्या स्तंभापासून पुढच्या घराच्या डाव्या स्तंभापर्यंतचे. प्रत्यक्षात ती साधारण २.५ आणि ३.६ मिलिमीटर असतात; ५० ला ७२ चे प्रमाण त्याच्याशी जुळते. आडव्या ओळींमधले अंतरही ५० च आले, यावरून छायाचित्र तिरपे राहिलेले नाही याचीही खात्री झाली, कारण घरातले आडवे आणि उभे अंतर सारखेच असावे लागते.

प्रत्येक वेळी इतके सोपे नसते. समजा ओळीत दोनच ठिपके दिसत आहेत आणि त्यांच्यात १२२ पिक्सेलचे अंतर आहे. हे एका पूर्ण घराचे अंतर झाले. पण यावरून दोन्ही ठिपके डाव्या स्तंभातले आहेत की दोन्ही उजव्या, हे कळत नाही. ५० किंवा ७२ चे अंतर एकदा तरी सापडल्याशिवाय डावे-उजवे ठरत नाही. वर-खाली ठरवतानाही हाच पेच पडतो: एकटा ठिपका जागा १ वर असेल तर इंग्रजी ब्रेलमध्ये ए, जागा २ वर असेल तर स्वल्पविराम आणि जागा ६ वर असेल तर पुढचे अक्षर मोठे असल्याची खूण. तीन वेगळे अर्थ आहेत, आणि त्यांच्यातला भेद ठिपक्यात नाही, भोवतालच्या रिकाम्या चौकटीत आहे.

१८ ऑगस्ट

अंकचिन्हाकडे या दृष्टीने पाहिले की त्याची रचना फार उपयोगी असल्याचे ध्यानात येते. ३-४-५-६ मध्ये उजवा स्तंभ पूर्ण भरलेला आहे, म्हणजे तिन्ही आडव्या ओळी एकाच घरात मिळतात, आणि ठिपका ३ मुळे डावा स्तंभही सापडतो. एकाच घरातून पूर्ण चौकट हाती येते. अंकांच्या आकृत्यांना हे साधत नाही. त्या दोनच ओळींत राहतात, आणि त्या वरच्या दोन ओळी आहेत की खालच्या, हे त्यांच्याकडे पाहून कळणे शक्य नाही. हा प्रश्न काल्पनिकही नाही, कारण गणितासाठी वापरल्या जाणाऱ्या नेमेथ पद्धतीत हेच अंक एक ओळ खाली उतरवून लिहिले जातात. म्हणून संख्येच्या छायाचित्रात अंकचिन्ह कापले गेलेले असेल तर वाचन न करता पूर्ण छायाचित्र मागवावे, असे मी पद्धतीत लिहिणार आहे.

आता नमुन्यातली घरे. पहिल्या घरात (१००, १८०), (१५०, ८०), (१५०, १३०) आणि (१५०, १८०) येथे ठिपके आहेत, म्हणजे ३-४-५-६, अंकचिन्ह. दुसऱ्यात (२२२, ८०), (२७२, ८०), (२७२, १३०), म्हणजे १-४-५, अंक ४. तिसऱ्यात (३४४, १३०), (३९४, ८०), (३९४, १३०), म्हणजे २-४-५, अंक ०. चौथ्यात (४६६, ८०), (४६६, १३०) आणि (५१६, ८०) हे तीन ठिपके स्पष्ट आहेत, आणि (५१६, १३०) या जागी एक फिकट छटा आहे. ती ठिपका असेल तर पाटी ४०७ ची, नसेल तर ४०६ ची. चौथ्या घराची जागा ५ ‘शंकास्पद’ म्हणून नोंदवली आहे.

२१ ऑगस्ट

शंकास्पद जागेचा निकाल लावण्यासाठी तुलना कशाशी करायची हा खरा प्रश्न होता. केवळ ‘फिकट दिसते’ म्हणणे पुरेसे नाही. रिकामी जागा किती फिकट दिसते हे ठाऊक असले पाहिजे. सुदैवाने या पाटीवर अशा जागा आपोआप उपलब्ध आहेत. अंक वरच्या दोन ओळींत आहेत हे अंकचिन्हाने ठरवून दिले आहे, म्हणून तिन्ही अंकांच्या घरांतल्या ३ आणि ६ या जागा, एकूण सहा, निश्चितपणे रिकाम्या आहेत. त्यांच्याच आधाराने पृष्ठभागाचा स्वाभाविक खडबडीतपणा मोजता येतो.

प्रत्येक जागेभोवती एका ठिपक्याएवढे वर्तुळ घेऊन उजेडाच्या बाजूच्या अर्ध्या भागाची सरासरी उजळता आणि विरुद्ध अर्ध्या भागाची सरासरी उजळता यांतला फरक काढला. ० ते २५५ च्या मापावर स्पष्ट ठिपक्यांच्या जागी हा फरक ५८ ते ७६ आला आणि निश्चित रिकाम्या सहा जागांवर ३ ते ८. चौथ्या घराच्या जागा ५ वर तो २३ आहे. पूर्ण ठिपक्याच्या मानाने तो कमी आहे, पण रिकाम्या जागांपैकी एकही त्याच्या जवळपास जात नाही. झिजलेल्या ठिपक्याचे लक्षण असेच असते: उंची घटलेली, पण उजळ आणि गडद बाजू योग्य दिशेला.

अजून एक शक्यता उरते, डागाची. अर्धा उजळ आणि अर्धा गडद असा डाग विरळा असला तरी अशक्य नाही, आणि एकाच छायाचित्रातून तो नाकारता येत नाही. त्यासाठी त्याच पाटीचे, उजेड समोरच्या कोपऱ्यातून म्हणजे खालून उजवीकडून टाकून काढलेले, दुसरे छायाचित्र मागवले आहे.

२५ ऑगस्ट

दुसरे छायाचित्र आले. खऱ्या ठिपक्यांच्या उजळ आणि गडद बाजूंची अदलाबदल झाली आहे, तशी ती व्हायलाच हवी होती, आणि चौथ्या घराच्या जागा ५ वरही ती झाली आहे. फरक उलट चिन्हाचा, १९ आला. रंगाचा डाग उजेडाबरोबर बाजू बदलत नाही. त्यामुळे जागा ५ ची नोंद ‘शंकास्पद’ वरून ‘आहे, झिजलेला’ अशी केली आणि त्यानंतर पाटी ४०७ अशी वाचली.

ठिपक्यांच्या जागांवरून युनिकोडमधले ब्रेल चिन्ह मिळवणे सोपे आहे, कारण तेथील क्रम ठिपक्यांच्या क्रमांकांवरच बेतलेला आहे. नोंदवहीत चिन्हे हाताने शोधून भरण्यापेक्षा ही पद्धत सुरक्षित वाटते.

```
def cell(dots):
    return chr(0x2800 + sum(1 << (int(d) - 1) for d in dots))

print("".join(cell(c) for c in ["3456", "145", "245", "1245"]))
# ⠼⠙⠚⠛
```

२९ ऑगस्ट

आरशातल्यासारख्या उलट्या प्रतिमेचा प्रश्न राहिला होता. ब्रेल स्लेटवर टोचणीने लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचतात आणि मग कागद उलटून वाचतात. त्यामुळे कोणी मागच्या बाजूचे छायाचित्र पाठवले तर ओळीचा क्रम आणि प्रत्येक घराचे डावे-उजवे, दोन्ही उलटलेले असते: १ च्या जागी ४, २ च्या जागी ५, ३ च्या जागी ६. तशा प्रतिमेत अंक ४ चा ६ होतो, ५ चा ९ होतो, ८ चा ० होतो, आणि ७ व ३ तसेच राहतात. म्हणजे येथेही एका अंकाचा दुसरा वैध अंक होतो. अंकचिन्ह मात्र उलटले की १-२-३-६ होते, म्हणजे व्ही, आणि ते संख्येच्या शेवटी जाऊन बसते. आपली ४०७ ची पाटी उलटी दिसली असती तर जी, एच, एफ, व्ही अशी वाचली गेली असती. शेवटी एकटा व्ही दिसला की प्रतिमा फिरवून पाहावी.

मराठी मजकुरात हा धोका अधिक आहे, कारण भारती ब्रेलमध्ये एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली अक्षरे पुष्कळ आहेत. क ची रचना १-३ आणि ख ची ४-६. ब ची १-२ आणि भ ची ४-५. ल ची १-२-३ आणि ळ ची ४-५-६. उलट्या प्रतिमेतही बहुतेक घरे काहीतरी अक्षर देतातच, आणि केवळ घराकडे पाहून चूक पकडता येत नाही. शिवाय ण ची रचना अंकचिन्हाचीच, ३-४-५-६ आहे, आणि तिची आरशातली प्रतिमा म्हणजे व. शब्दाच्या आरंभी ३-४-५-६ दिसले तर ते अंकचिन्ह धरावे, कारण मराठीत ण ने सुरू होणारे शब्द अगदी थोडे आहेत. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आले तर ण. हा निर्णय स्थानावर अवलंबून असल्यामुळे शब्दाच्या अलीकडचे कोरे घर छायाचित्रात पूर्ण आलेले असणे आवश्यक आहे.

१ सप्टेंबर

पद्धतीच्या मसुद्यात वाचनाची नोंद कशी लिहायची ते आज ठरवले. प्रत्येक घरासाठी ठिपक्यांचे क्रमांक लिहायचे, झिजलेला पण खात्री पटलेला ठिपका कंसात ठेवायचा, आणि ज्याचा निकाल लागला नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह लावायचे. नमुन्याची नोंद त्यानुसार ३-४-५-६, १-४-५, २-४-५, १-२-४-(५) अशी होते आणि वाचन ४०७ असे. प्रश्नचिन्ह शिल्लक असलेल्या संख्येसमोर एकच अंक न लिहिता सर्व शक्य अंक लिहायचे. दुसरे छायाचित्र मिळाले नसते तर येथे ‘४०७ किंवा ४०६’ असेच लिहिले गेले असते. पाटीच्या मालकाला झिजलेल्या ठिपक्याची जागा कळवली आहे, कारण छायाचित्रात मोजून सापडलेला ठिपका बोटाला सापडेलच असे नाही, आणि ती पाटी बोटांसाठी आहे.